मदत हवी आहे: बाबांचा पाय लाल-गरम, एक डॉक्टर म्हणतात हाडात इन्फेक्शन, दुसरे म्हणतात प्लास्टर घाला

कळमनाकर | १९ फेब्रुवारी, रात्री ११:४०
बाबांचा डावा पाय तीन आठवड्यांपासून सुजलाय. लाल आहे, हात लावला की चटका बसावा इतका गरम. अँटिबायोटिकचे दोन कोर्स झाले, काडीचा फरक नाही. आज एमआरआय केला, त्यात पायाच्या मधल्या हाडांना आतून सूज दिसते असं लिहिलंय. एका ठिकाणी म्हणाले हाडात इन्फेक्शन आहे, परवा ॲडमिट करा, उघडून साफ करू. दुसरे म्हणाले हा शार्को आहे, चाकू लावू देऊ नका, प्लास्टर घाला. दोन फिया भरल्या आणि दोन उत्तरं घेऊन घरी आलो. फक्त एवढंच सांगा, कोण बरोबर? डायबेटिस आहेच, त्यावर लेक्चर नको.

बर्डीचा बंड्या | ११:५२
भाऊ, हाडात इन्फेक्शन असेल तर वाट पाहू नका. माझ्या मावसभावाचा अंगठा दहा दिवस थांबल्याने गेला. आणि शार्को म्हणजे हाडं मोडणं, तसं असतं तर बाबा ओरडले असते. दुखतं का?

कळमनाकर | ११:५५
नाही, फारसं नाही. थोडं जड वाटतं म्हणतात. म्हणून तर रोज मार्केटला जातात, मृग बहाराचा माल सुरू आहे.

वंदना धंतोली | २० फेब्रुवारी, सकाळी ६:१०
थांबा, रोज जातात म्हणजे? त्याच पायावर उभे राहतात? आधी ते आजपासून बंद. कोण बरोबर हे नंतर पाहू, पण दोन्ही शक्यतांमध्ये हा पाय जमिनीवर टेकवायचा नाही.

मी डॉक्टर नाही. अकरा वर्षं पायाच्या क्लिनिकमध्ये प्लास्टर घालते. आता हे सांगा:
पायाला कुठे जखम, भेग, कुरूप, फोड आहे का? बोटांच्या बेचक्यात पाहिलं का?
ताप, थंडी? शुगर या तीन आठवड्यांत अचानक वाढली का?
पाय मुरगळला होता का?
रक्ताच्या तपासण्या आणि एक्स-रे कुठे आहेत?

निवृत्त मास्तर | ७:०५
मला २०१४ साली हुबेहूब असंच झालं होतं. युरिक ॲसिड निघालं. तूरडाळ बंद केली, चेरी खाल्ली, बरा झालो. एमआरआयवर पैसे घालवण्याआधी साधी रक्ततपासणी करावी. आजकाल कोणी ऐकत नाही.

रनर अंबाझरी | ७:३०
माझीही टाच सकाळी दुखते, पहिली पावलं टाकताना. बर्फाच्या बाटलीवर पाय घासला की बरं वाटतं. काकांनी करून पाहावं.

वंदना धंतोली | ७:३४
डायबेटिसमुळे ज्याला पायाची जाणीवच नाही त्याला बर्फ देऊ नका. कातडी जळेल आणि कळणारही नाही.

कळमनाकर | ८:२०
जखम नाही. मघाशी आरसा धरून तळवा पाहिला, कातडी अखंड आहे. ताप नाही. शुगर आहे तशीच, उपाशीपोटी १५०-१६०. युरिक ॲसिड ५.२, मास्तर. पांढऱ्या पेशी ७,८००, सीआरपी ९, ईएसआर ३४. पहिला एक्स-रे २९ जानेवारीचा, नॉर्मल.
आणि हो, जानेवारीच्या शेवटी टेम्पोच्या फळीवरून उतरताना पाय थोडा मुरगळला होता. पण ते किरकोळ होतं, त्याच दिवशी आडतीवर बसले होते.

वंदना धंतोली | ८:४१
हेच पहिल्या पोस्टमध्ये हवं होतं! किरकोळ मुरगळणं, मग जाणीव नसलेल्या पायावर तीन आठवडे चालणं. दुसऱ्या कोणाला दुखलं असतं, तो बसला असता. इथे दुखणं कळत नाही, माणूस चालत राहतो. सूज वाढते, रक्तपुरवठा वाढतो, हाड विरघळायला लागतं, मऊ हाडावर पुन्हा वजन पडतं. शार्को होतो तो असाच. बंड्या, "दुखत नाही म्हणून मोडलं नाही" हे तुमचं बरोबर उलटं आहे.

दोन गोष्टी घरी करा. बाबांना आडवं करा, पाय छातीच्या वर उशांवर दहा मिनिटं ठेवा, लाली उतरते का पाहा. मग दोन्ही पाय उघडे ठेवून पंधरा मिनिटं बसवा आणि कोविडच्या वेळचं कपाळाचं थर्मामीटर असेल तर दोन्ही पायांवर अगदी त्याच जागी धरा. त्यावर शरीराचं आणि पृष्ठभागाचं असे दोन मोड असतात, पृष्ठभागाचा लावा.

डॉ. शल्य वर्धा | ९:१५
सर्जन आहे, म्हणून दुसरी बाजू. जुन्या मधुमेहात ताप न येता, पांढऱ्या पेशी न वाढता हाडात पू झालेला मी स्वतः पाहिला आहे. घरी पाय वर करून निदान होत नाही. आणि एमआरआयमध्ये हाडाला सूज दोन्हीत दिसते, त्यामुळे कोणीच त्या एका ओळीवर उड्या मारू नयेत. शंका राहिली तर हाडाचा तुकडा तपासणं हाच शेवटचा शब्द.

वंदना धंतोली | ९:३०
सर, मान्य. पण कातडी अखंड असताना जंतू हाडापर्यंत जाणार कुठून? बहुतेक वेळा ते जखमेच्या वाटेनेच उतरतात, म्हणून ते बोटांच्या मुळाशी किंवा टाचेत सापडतं, जिथे व्रण पडतो. इथे पायाचा मधला भाग आहे, व्रण नाही, सीआरपी जेमतेम वाढलंय. जखम असती तर सळई घालून हाडाला लागते का पाहिलं असतं. जखमच नाही तर तपासणीसाठी चांगल्या कातडीला भोक का पाडायचं?

डॉ. शल्य वर्धा | ९:४२
रक्तातूनही जंतू जातात. क्वचित, पण जातात. भोक पाडाच असं मी म्हणत नाही, विसरू नका इतकंच.

कळमनाकर | दुपारी १:१०
लाली दहा मिनिटांत बऱ्यापैकी फिकी झाली. थर्मामीटर: डावा, मधल्या भागावर ३४.७. उजवा, त्याच जागी ३०.२.

वंदना धंतोली | १:२२
साडेचार अंशांचा फरक. आमच्याकडे दोनच्या वर गेला की पाय पेटलेला समजतो. इन्फेक्शनमध्येही गरम होतो, सर ओरडण्याआधी मीच सांगते, पण तिथे पाय वर केल्याने लाली अशी सहसा ओसरत नाही.
आज पुन्हा एक्स-रे काढा, जमलं तर उभं राहून, फक्त फोटोपुरतं. जानेवारीचा नॉर्मल असणं अपेक्षितच आहे. सुरुवातीला हाड साधं दिसतं, नुसता पाय गरम असतो. त्यालाच शून्य स्टेज म्हणतात आणि नेमकी तीच हुकते.

बर्डीचा बंड्या | १:४०
पण ताई, सूज असताना प्लास्टर कसं घालणार? आधी सूज उतरवायची, मग प्लास्टर, हे तर कोणीही सांगेल.

वंदना धंतोली | २:०५
फ्रॅक्चरच्या ताज्या सुजेसाठी ते ठीक. इथे सूज उतरवणारं औषधच प्लास्टर आहे. मात्र हे नेहमीचं कापूस भरून केलेलं प्लास्टर नव्हे. त्यात पाय आत हलतो, घासतो आणि जाणीव नसल्याने सात दिवसांनी आत व्रण निघतो. हे टोटल कॉन्टॅक्ट कास्ट, गुडघ्याच्या खालपर्यंत. पायाच्या आकाराला घट्ट बसवलेलं, कापूस कमी, हाडं टेकतात तिथे फेल्ट, बोटं झाकलेली. वजन तळव्याच्या एका बिंदूवर न येता पोटरीपर्यंत वाटलं जातं. सूज उतरली की ते सैल होतं, म्हणून पहिलं तीन-चार दिवसांत बदलायचं, नंतर दर आठवड्याला. घालण्याआधी पायाची नाडी तपासून घ्या. रक्तपुरवठा कमी असेल तर हे प्लास्टर धोक्याचं.

कळमनाकर | रात्री ९:३०
नवीन एक्स-रे: मधल्या सांध्यात फट वाढली, दोन-तीन हाडाचे तुकडे सुटलेले. दुसऱ्या डॉक्टरांना दाखवला, म्हणाले पहिली स्टेज सुरू झाली. नाडी चांगली लागते. उद्या प्लास्टर.
पण बाजारात काढता येणारा बूट मिळतो ना, वॉकर? बाबांना देवघरात जाताना प्लास्टर आवडणार नाही.

वंदना धंतोली | ९:४४
बूट काढता येतो, हाच त्याचा दोष. घरात "दोन पावलंच" म्हणून काढतात आणि हाड तेवढ्यातच सरकतं. बूटच हवा असेल तर वरून प्लास्टरची पट्टी गुंडाळून तो न निघणारा करून घ्या. देवाला खुर्चीवरून हात जोडले तरी चालतं, माझ्या सासूबाईंनी सात महिने तसंच केलं. आणि दुसऱ्या पायाची चप्पल कास्टएवढी उंच करून घ्या, नाहीतर उजव्यावर भार येतो.

निवृत्त मास्तर | १०:१५
तर्री पोहे बंद करावेत.

बर्डीचा बंड्या | १०:१७
मास्तर, तर्रीने हाड मोडत नाही. उगीच कुठली गोष्ट कुठे.

निवृत्त मास्तर | १०:२१
तेलाने सगळं होतं.

कळमनाकर | ६ एप्रिल, रात्री १०:०५
अपडेट. सहा आठवडे झाले, सात कास्ट. सूज बरीच कमी, लाली गेली. आज कास्ट बदलताना मोजलं: डावा ३४.४, उजवा ३२.६. फरक फक्त १.८! दोनच्या आत. आता प्लास्टर काढून एमसीआरची मऊ तळाची चप्पल घेऊ का? मार्केटमध्ये माणूस नाही, माझी नोकरी पणाला लागलीय.

डॉ. शल्य वर्धा | १०:३०
एका मोजणीवर काढू नका. एक्स-रेत तुकडे जुळायला लागलेत का? लागले असतील तर ती दुसरी स्टेज, बरी झालेली नव्हे. बहुतेकांना तीन ते सहा महिने लागतात, काहींना वर्ष. बाकी बाईंचं मला इन्फेक्शनबाबत पटलं. इथे ते नव्हतं.

वंदना धंतोली | १०:४८
सर, धन्यवाद, हे छापून लावते.
कळमनाकर, आकडे शेजारी ठेवा. डावा ३४.७ वरून ३४.४, म्हणजे जेमतेम उतरला. उजवा ३०.२ वरून ३२.६, म्हणजे दोन अंशांहून जास्त चढला. फरक कमी झाला तो डावा थंड झाला म्हणून की उजवा तापला म्हणून? कास्ट काढल्यावर किती वेळ थांबून मोजलं? लगेच मोजलं तर डावा कास्टच्या उबेनेच गरम दाखवतो. आणि खोली कशी होती? फेब्रुवारीत गारवा होता, आता नागपूरचा एप्रिल आहे.

कळमनाकर | १०:५६
लगेच मोजलं. कूलर बंद होता, लाइट गेली होती.

वंदना धंतोली | ११:०२
मग आजचा आकडा सोडून द्या. उन्हाने दोन्ही चढले असतील आणि डावा खरोखर उतरला असेल, असंही होऊ शकतं. पण उजवा पाय पाहिलात का? सहा आठवडे सगळा भार त्याच्यावर आहे, आणि हा आजार दुसऱ्या पायालाही धरतो. सूज? मधल्या भागावर एका जागी जास्त गरम? पुढच्या कास्टला पंधरा मिनिटं थांबून दोन्हीकडे तीन-चार जागी मोजा आणि सगळे आकडे इथे टाका.
चप्पल उंच केली होती ना?

कळमनाकर | ११:१९
चप्पल करायची राहिली.