मदत हवी आहे: दुकान सकाळपासून उघडं, गुगल मात्र बंद दाखवतंय

तांब्यापितळ_सांगली (शनि. 18 ऑक्टोबर 2025, सकाळी 10:20)

आज धनत्रयोदशी. भांड्यांचं दुकान आहे, वर्षातला सगळ्यात मोठा दिवस. काल रात्री गुगलवर दिवाळीच्या वेळेची आणि ऑफरची पोस्ट टाकली. सकाळपासून गिऱ्हाईकांचे फोन, "आज बंद आहे का?" मॅपवर लाल अक्षरात Closed येतंय. पोस्टमध्ये स्पष्ट लिहिलंय की दुकान चालू आहे. दुसरी ऑफरची पोस्ट तर दिसतच नाही. लवकर सांगा, काउंटरवर गर्दी आहे.

सायबरवाला_मिरज (10:31)

सोपं आहे. Edit profile मध्ये Hours ला जाऊन रोजच्या वेळा बदला. शनिवारला सकाळी 9 ते रात्री 11:30 करून टाका. मी सगळ्या गिऱ्हाईकांना हेच करून देतो.

अप्पा_नगरकर (10:34)

या गुगलच्या नादाला लागू नका. रिक्षावर भोंगा लावा आणि सकाळच्या पेपरात पत्रक घाला. माझ्या कापडाच्या दुकानाला चाळीस वर्षं तेवढंच पुरलं.

तांब्यापितळ_सांगली (10:48)

@सायबरवाला, केलं. शनिवार 9 ते 11:30 सेव्ह पण झालं. तरी Closed च.

@अप्पा, आज धनत्रयोदशी आहे हो. पत्रक आता उद्याच्या पेपरात पडणार.

ओसरी (10:55)

थोडी माहिती हवी. फक्त Closed दिसतंय की पुढे काही वेळ लिहिलीय? रोजच्या वेळा काय? पोस्टशिवाय काल आणखी कुठे वेळ भरली होती का? आणि हे सगळं कोणाच्या खात्यातून करताय?

सायबरवाला_मिरज (10:58)

काका, कधी कधी वेळ लागतो. थांबा अर्धा तास. नाहीतर सात-आठ जणांना Suggest an edit करून "उघडं आहे" असं सुचवायला सांगा. लोकांनी सांगितलं की गुगल ऐकतं.

ओसरी (11:02)

ते कृपया करू नका. Suggest an edit कुणालाही करता येतं, म्हणून गुगल ते तपासून घेतं. ज्याच्या हातात स्वतःचं प्रोफाइल आहे त्यानं बाहेरून सूचना कशाला पाठवायच्या? आधी काका काय दिसतंय ते सांगू देत.

तांब्यापितळ_सांगली (11:15)

Closed · Opens 8:30 PM असं येतंय. रोजचं 10 ते 1:30 आणि 4 ते 8:30, सोमवारी बंद. खातं पुतण्याचं आहे, त्याच्याच मोबाइलवरून करतोय. Special hours म्हणून एक खाना होता तिथं आजच्या तारखेला जादा वेळ भरला, रात्री 8:30 ते 11:30. तो तर बरोबरच आहे ना, रोजच्यापेक्षा तेवढाच वेळ जादा उघडं ठेवणार आहे.

ओसरी (11:22)

सापडलं. Special hours मध्ये भरलेली वेळ रोजच्या वेळेत मिळवली जात नाही, त्या तारखेपुरती रोजची वेळ पुसून तिच्या जागी बसते. म्हणजे तुम्ही गुगलला सांगितलंय की आज दुकान फक्त रात्री साडेआठ ते साडेअकरा उघडं आहे. म्हणून सकाळपासून Opens 8:30 PM. आणि म्हणूनच सायबरवाल्यांनी सांगितलेली रोजची वेळ बदलूनही उपयोग झाला नाही. त्या तारखेची खास वेळ जोवर भरलेली आहे तोवर रोजची वेळ कोणी बघतच नाही.

असं करा. पुतण्याच्या खात्यातून गुगलवर दुकानाचं नाव शोधा, Edit profile, मग Hours, खाली Special hours. 18 ऑक्टोबरची ओळ उघडा. सुरुवात 9:00 AM, शेवट 11:30 PM. दुपारची सुट्टी आज नसेल तर एवढा एकच तुकडा. सेव्ह करा. बहुतेक वेळा काही मिनिटांत बदलतं, क्वचित तपासणीत अडकतं.

आणि हो, मघाशी बदललेली शनिवारची रोजची वेळ परत होती तशी करा. नाहीतर पुढच्या शनिवारी दुपारी अडीचला कोणीतरी बंद शटरसमोर उभं राहील.

तांब्यापितळ_सांगली (11:41)

झालं! Open · Closes 11:30 PM आलं. खान्याचं नाव वाचून "जादा वेळ" वाटतं आणि भरायचा पूर्ण दिवस, कोणाच्या डोक्यात येणार हे.

ऑफरच्या पोस्टचं काय?

निशिगंध (11:50)

माझ्या बहिणीचं पार्लर आहे ठाण्यात. मागच्या दिवाळीत भाऊबीजेला सुट्टी म्हणून तिनं Temporarily closed दाबलं आणि विसरली. तुळशीचं लग्न झालं तरी बंदच दिसत होतं. त्यात लग्नसराईच्या बुकिंगचे फोनच आले नाहीत. तुम्हाला पण भाऊबीजेला तेच करायचं असेल तर जपून.

ओसरी (11:58)

निशिगंधताई, बरं झालं सांगितलंत. एका दिवसाच्या सुट्टीला ते बटण नाहीच. Special hours मध्ये 23 तारखेला Closed अशी खूण करायची, 24 ला आपोआप रोजची वेळ परत येते.

काका, दिवाळीचे बाकीचे दिवस आत्ताच भरून टाका, परत गर्दीत अडकाल. कोणत्या दिवशी काय वेळ ठेवणार आहात?

तांब्यापितळ_सांगली (12:20)

रविवारी आजच्यासारखंच. सोमवारी पण चालू, दिवाळीत सोमवार पाळत नाही. लक्ष्मीपूजनाला 9 ते 5, मग वहीपूजन, परत 8 ते 10. पाडव्याला सकाळी 10 पासून दुपारी 2. भाऊबीज बंद. आता ऑफरचं सांगा.

ओसरी (12:31)

19 ला एकच तुकडा. 20 ला सोमवार आहे, आणि तुमचा सोमवार रोजच्या वेळेत बंद आहे, म्हणून ती ओळ विसरू नका. नुसतं गप्प राहिलात तर गुगल बंदच दाखवणार. लक्ष्मीपूजनाला दोन तुकडे: 9:00 AM ते 5:00 PM, मग आणखी वेळ जोडून 8:00 PM ते 10:00 PM. पहिला तुकडा विसरलात तर पुन्हा आजच्यासारखंच होईल. पाडवा 10:00 AM ते 2:00 PM.

एक सांगायचं राहिलं. गुगल सणाचं नाव देऊन तारीख सुचवतं, ती तशीच स्वीकारू नका. यंदा उत्तरेत बऱ्याच ठिकाणी दिवाळी 20 ला आहे, आपल्याकडे लक्ष्मीपूजन मंगळवारी 21 ला आणि पाडवा बुधवारी 22 ला. आपलं पंचांग बघून तारीख स्वतः निवडा.

वकील_साताराकर (12:40)

रात्री 11:30 पर्यंत दुकान उघडं ठेवायला परवानगी लागते का, असा प्रश्न दिसतो. लागत नाही. 2017 च्या दुकाने व आस्थापना कायद्यानुसार दारूची वगैरे ठिकाणं सोडली तर दुकानं 24 तास चालू ठेवता येतात. याच महिन्यात शासनानं ते पुन्हा स्पष्ट केलंय. मात्र प्रत्येक कामगाराला आठवड्यात सलग 24 तासांची सुट्टी द्यावीच लागते. सोमवारी दुकान उघडणार असाल तर पोरांना बदली सुट्टी द्या.

तांब्यापितळ_सांगली (12:52)

वकीलसाहेब, हे मी विचारलंच नव्हतं. पण पोरांनी वाचलंय, आता मागतायत.

सायबरवाला_मिरज (13:05)

मला आजही वाटतं की रोजची वेळ बदलणं सोपं. या तारखा-बिरखा भरण्यात वेळ जातो.

ओसरी (13:12)

सोपं आहे, पण परत बदलायचं लक्षात ठेवावं लागतं. तुमच्या गिऱ्हाईकांपैकी किती जण ठेवतात? खास वेळ तारीख उलटली की आपोआप जाते.

सायबरवाला_मिरज (13:14)

परत बदलायला ते माझ्याकडेच येतात. :)

ओसरी (13:20)

तेही खरं. :)

काका, ऑफर. पोस्ट कोणत्या प्रकारची केली, त्यात नेमकं काय लिहिलंय ते इथे चिकटवा. फोटोत काय आहे तेही.

तांब्यापितळ_सांगली (13:55)

Add offer मधून केली. मजकूर: "दिवाळी धमाका!!! स्टील डबा सेट 10 टक्के सूट. पितळी समई, तांब्याचा हंडा, मोडीवर जादा भाव. आजच फोन करा" आणि खाली माझा नंबर. फोटो म्हणजे पत्रक छापायला दिलं होतं तेच, त्यावर पण नंबर आहे. खाली Not approved लिहिलंय.

ओसरी (14:10)

माझा संशय नंबरवर आहे. पोस्टच्या मजकुरात फोन नंबर टाकला की ती नाकारली जाऊ शकते, असं गुगलच्या नियमांत आहे. तुमचा नंबर प्रोफाइलवर आधीच आहे आणि त्याच्या शेजारी फोनचं बटण आहे, परत लिहायची गरज नाही. मजकुरातून काढा, फोटोही बदला. पत्रकाचा फोटो तसाही टाकू नये. तो आडवा कापला जातो, वरची देवीची तसबीर आणि खालच्या अटी दोन्ही जातात आणि मधली अक्षरं मोबाइलवर वाचता येत नाहीत. काउंटरवर समया आणि हंडे मांडून आडवा साधा फोटो काढा. अक्षरं नकोत.

नावाच्या खान्यात "स्टील डबा सेटवर 10 टक्के सूट, पाडव्यापर्यंत" एवढंच. तारखा 18 ते 22 भरा, म्हणजे 23 पासून ती चालू ऑफर म्हणून दिसणार नाही. मोडीचं मात्र वेगळं आहे.

तांब्यापितळ_सांगली (14:18)

का? मोड घेऊनच तर निम्मं गिऱ्हाईक येतं.

ओसरी (14:25)

येऊ द्या की. पण "जादा भाव" म्हणजे कशापेक्षा जादा? पितळेचा दर रोज हलतो, पोस्ट पाडव्यापर्यंत राहणार. कोणीतरी चार दिवसांनी मोबाइल पुढे करून भांडेल. एक तर अटींच्या खान्यात "मोडीचा भाव त्या दिवशीच्या बाजारभावाप्रमाणे, वजन दुकानात" असं लिहा, नाहीतर मोडीची वेगळी साधी Update पोस्ट करा. ऑफरला तुमच्या पसंतीचं बटण लावता येत नाही, Update ला Call now लावता येतं. मोडीवाला माणूस आधी फोन करून दर विचारतो, त्याला तेच हवं.

जमाखर्च (14:40)

एक मुद्दा. 22 सप्टेंबरपासून स्टील, तांबं-पितळेच्या स्वयंपाकाच्या भांड्यांवरचा जीएसटी 12 वरून 5 टक्के झालाय. काही दुकानदार तीच कपात "दिवाळी सूट" म्हणून मिरवतायत. तुमचे 10 टक्के त्याच्या वर आहेत की त्यातच?

तांब्यापितळ_सांगली (14:52)

वर आहेत. जीएसटीचं केव्हाच कमी केलंय, बिल दाखवतो या.

जमाखर्च (14:55)

मग ते लिहा की! "कमी झालेल्या जीएसटीशिवाय 10 टक्के." अख्ख्या धाग्यात कामाची जाहिरात हीच.

अप्पा_नगरकर (15:10)

आणि भोंग्याचं काय ठरलं?

तांब्यापितळ_सांगली (17:30)

दुपारी नवीन ऑफर टाकली. नंबर काढला, समयांचा फोटो, जमाखर्च म्हणाले तसा मजकूर. अजून Pending आहे. मोडीची Update मात्र लगेच लागली आणि दोन फोन पण आले. वेळा सगळ्या भरल्या. ऑफर किती वेळ अडकते साधारण?

ओसरी (17:44)

सांगता येत नाही. सणाला सगळेच टाकतात. आता त्यात हात घालू नका, सारखं बदलत बसू नका. रात्रीपर्यंत नाही आली तर मजकुरातलं उद्गारचिन्हांचं जंगल कमी करून नवी टाका. "धमाका" राहू दे.

सायबरवाला_मिरज (17:50)

बदलून परत टाकली की लवकर लागते, माझा अनुभव आहे.

ओसरी (17:52)

माझा उलटा आहे.

वैदर्भीय (18:05)

तांब्याचा हंडा दिसला पोस्टमध्ये. दहा लिटरचा किती पडेल आणि नागपूरला पाठवता का?