चार्जिंगची जागा अडवून ठेवणाऱ्यांचं काय करायचं? सातारा-सांगलीकरांनो, अनुभव सांगा

शेंद्रेकर
सातारा-कराड पट्ट्यात हायवेच्या हॉटेलांत चार्जर आले, त्याबरोबर वादावादी पण आली. परवा रविवारी एका हॉटेलात गेलो, ६० किलोवॉटचं मशीन, दोन गन, दोन जागा. एका जागेत डिझेलची सात सीटर लावून मंडळी जेवायला बसलेली, दुसरीत इलेक्ट्रिकच होती पण ८७ टक्के झालेली आणि मालक कुठे दिसेना. माझी १४ वर, जायचं कोल्हापूरला. वॉचमन म्हणतो पार्किंग सगळ्यांना आहे. डिझेलवाल्याचा राग समजू शकतो, पण ८७ वाल्याला उठवायचा हक्क मला आहे का? तुमच्याकडे काय झालं, कसं मिटलं ते लिहा.

माणदेशी
अ‍ॅपवर स्लॉट बुक केला की जागा आपलीच, मी स्क्रीनशॉट दाखवतो, लोक उठतात.

विश्रामबागचा
@माणदेशी बुकिंगमुळे गन आपल्यासाठी राखून ठेवतात, जागा नाही. पुढे पेट्रोलची गाडी उभी असेल तर अ‍ॅप तिला हलवणार कसं? शिवाय सगळी अ‍ॅप्स बुकिंग देत पण नाहीत.

कराड_ट्रॅव्हल्स
माझी इलेक्ट्रिक टॅक्सी आहे, सातारा-पुणे-कराड रोजचं काम, म्हणून जरा सविस्तर लिहितो. ८७ वाल्याचा प्रश्न माणुसकीचा तर आहेच, हिशोबाचा पण आहे. समजा ४० युनिटची बॅटरी आहे. २० पासून ८० पर्यंत २४ युनिट जातात, ताशी ३० च्या वेगाने म्हणजे पाऊण तासाच्या आसपास. ८० च्या पुढे गाडी स्वतःच वेग कमी करते, बॅटरी जपायला. शेवटचे ८ युनिटच राहतात पण त्याला अर्धा-पाऊण तास सहज जातो. तेवढ्या वेळात मागचा माणूस कोल्हापूरपुरतं भरून निघाला असता.

दुसरं, दोन गनची बरीच मशीन एकटी गाडी असेल तर ६० देतात आणि दुसरी लागली की ३०-३० वाटतात. काही मशीनमध्ये ही वाटणी पक्की असते, म्हणजे ९० टक्केवाली गाडी १० च घेत असली तरी तिच्या वाटचे ३० अडकून राहतात आणि शेजारच्याला मिळत नाहीत. ओळखायचं कसं, तर आपली गाडी एरवी ४०-५० घेते आणि इथं स्क्रीनवर आकडा ३० च्या आतच घोटाळतोय, बॅटरी पण अजून अर्ध्याखाली आहे, मग हेच कारण असायची शक्यता जास्त. शेजारची गाडी निघाल्यावर आकडा वर चढला तर खात्रीच. म्हणून माझं मत, मागे गाडी थांबली असेल तर ८० ला उठायचं, आणि फोन नंबरची चिठ्ठी काचेला लावूनच जेवायला जायचं.

वाईची_मंजू
८० ला उठायचं हे सगळ्यांना लागू कसं करता? आम्ही सासूबाईंना घेऊन गावी जातो, आत चार्जर नाही, परतीचं धरून ९५ लागतातच. मी गाडीपाशीच बसते पण उठत नाही. मला जायचंय त्याला गरज म्हणायची का हट्ट?

कराड_ट्रॅव्हल्स
मंजूताई, तुमची गरजच आहे, आणि तुम्ही गाडीपाशी आहात म्हणजे बोलून मिटतं. मी बोलतोय ते चार्ज संपल्यावर पण तासभर गाडी लावून ठेवणाऱ्यांबद्दल. काही कंपन्या अशा वेळी मिनिटावर दंड लावतात, तो लागला की लोक पटकन येतात.

मिरजकर७
माझी हायब्रिड आहे, ती पण बॅटरीवर चालते, तरी परवा मला एकाने उठवलं. हा भेदभाव का?

विश्रामबागचा
दादा, तुमच्या गाडीला चार्जिंगचं सॉकेट आहे का? नसेल तर तिथं उभं राहून उपयोग काय. हिरव्या पाटीची असो नाहीतर पांढऱ्या, ती जागा चार्ज होणाऱ्या गाडीची.

आमच्या सोसायटीत दुसराच वाद. सगळ्यांत मिळून एक ७ किलोवॉटचा चार्जर, एकजण रात्री लावतो ते सकाळीच काढतो. दुसऱ्याने वैतागून गन उपटायचा प्रयत्न केला, निघाली नाही, लॉकची पिन वाकली. चार्ज थांबला तरी काही गाड्यांत मालकाने गाडी अनलॉक केल्याशिवाय गन सुटत नाही, ओढाओढ करू नका बाबांनो. आता कमिटीने वेळा लावल्यात, रात्री ११ ला बदली. पण ११ ला कोण खाली येणार यावरच आता मिटिंग.

शेंद्रेकर
माझं सांगायचं राहिलं. मॅनेजरला शांतपणे म्हणालो, ती जागा रिकामी नसली की तुमच्या चार्जरचे पैसे पण बुडतात. त्याने माईकवरून नंबर पुकारला, डिझेलवाले ताट सोडून आले, कुरकुरत पण हलवली. तिथं साधी पाटीसुद्धा नव्हती, जमिनीवर रंग नव्हता, म्हणून सगळा दोष त्यांना देता येत नाही. ट्रॅफिक पोलिसांना फोन लावलेला, ते म्हणाले जागा हॉटेलची खाजगी, मालकाशी बोला. ८७ वाला मी निघेपर्यंत आलाच नाही.

माणदेशी
पण मॅनेजरच म्हणाला गिऱ्हाईक गिऱ्हाईक असतं, तर काय करायचं?