दापोलीजवळ फक्त बायकांसाठी पार्लर : घरच्यांचा विश्वास बसेल असं कसं करावं?

सुरंगीचा_वळेसर

नमस्कार. सहा वर्षं मी घरोघरी जाऊन थ्रेडिंग, वॅक्सिंग, मेंदी, नवरीचा मेकअप करतेय. आता दापोली-हर्णै रस्त्याला एक गाळा भाड्याने घेतलाय. दहा फूट रुंद, बावीस फूट खोल, पुढे शटर, मागे मोरी. गणपतीच्या आधी सुरू करायचा विचार आहे.

ज्या घरांत मी जाते तिथल्या बऱ्याच सुना-मुली बाजारातल्या पार्लरात पाऊल टाकत नाहीत. एक काकू परवा म्हणाल्या, "तू घरी येतेस म्हणून चालतंय गो, दुकानात कोण कोण येत असेल काय माहीत." अडखळ-हर्णै बाजूची मुसलमान घरंही माझ्याकडे आहेत, त्यांचंही तेच म्हणणं. ही घरं गाळ्यावर यावीत म्हणून आतली रचना कशी ठेवू, मदतीला मुली गावातल्या घेऊ की बाहेरच्या, आणि बोर्डावर काय लिहू? अनुभव असलेल्यांनी सांगा.

किनारा_७७

माझं मोबाईलचं दुकान आहे, तुमच्या धंद्यातलं फार कळत नाही. पण बाहेरच्या काचेला आरशासारखी फिल्म लावून टाका. आतून बाहेरचं दिसतं, बाहेरून आत दिसत नाही. आणि आत सगळीकडे कॅमेरे बसवा, म्हणजे घरच्यांना सांगता येईल की इथे सुरक्षा आहे. दारावर "पुरुषांना प्रवेश नाही" अशी मोठी पाटी लावली की झालं.

रत्नांग्रीची_जुनी

सतरा वर्षं रत्नागिरीत फक्त बायकांचं पार्लर चालवतेय, म्हणून जरा लांब लिहिते.

किनारादादा, पाटीचं बरोबर आहे, पण फिल्मच्या भरवशावर राहू नका. ती फिल्म जिकडे उजेड जास्त तिकडून आरसा होते. दुपारी बाहेर ऊन असतं म्हणून रस्त्यावरून आतलं दिसत नाही. संध्याकाळी सातला आत ट्यूब लागल्या आणि बाहेर अंधार पडला की उलटं होतं. आतल्या बाईला काचेत स्वतःचं तोंड दिसतं, म्हणून तिला वाटतं सगळं झाकलंय, आणि रस्त्यावरच्याला ती पूर्ण दिसते. पावसाळ्यात तर चारलाच अंधारून येतं. त्यापेक्षा दुधी काच घ्या, किंवा दुधी फिल्म आणि आतून जाड पडदा.

आणि कॅमेरा आत अजिबात नको. एक फक्त गल्ल्यावर, तोंड दाराकडे, आणि तो कुठे आहे ते प्रत्येकीला दाखवायचं. ज्या घराला तुम्ही बोलावताय त्याला कॅमेऱ्याने धीर येत नाही, धास्ती बसते. बाई खासगी अवस्थेत असताना तिचं चित्रण करणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम 77 खाली गुन्हा आहे, तेव्हा कामाच्या मुलींचे मोबाईलसुद्धा आत नकोत. माझ्याकडे गल्ल्याच्या खणात राहतात.

आता गाळा. दारातून आत आलं की समोर तीन-साडेतीन फुटांवर आडभिंत घ्या, दारापेक्षा फूटभर रुंद. दार उघडं राहिलं तरी समोर भिंतच दिसली पाहिजे, माणूस वळसा घालूनच आत यायला हवा. मग आरसे लावायच्या आधी एक करून बघा. संध्याकाळी सगळे दिवे लावा, तुम्ही प्रत्येक खुर्चीवर बसा आणि कुणाला तरी रस्त्यावर उभं करून दार उघडायला सांगा. आरशात तुम्हाला तिचे डोळे दिसले, तर तिलाही तुम्ही दिसताय. माझी पहिली दोन वर्षं तशीच गेली होती. पडदे, पाटी सगळं होतं, आणि कडेच्या आरशातून केस धुणारी बाई रिक्षा स्टँडला दिसत होती. मला ते एका गिऱ्हाइकाच्या आईने दाखवून दिलं.

वॅक्सिंगची खोली मागे मोरीजवळ. पडदा नको, आतून कडी लागणारं दार हवं. साधा प्लाय आपल्याकडे पावसात फुगतो आणि जुलैत कडी बसेनाशी होते, म्हणून दार ॲल्युमिनियमचं करा. वर उंच एक्झॉस्ट हवा, नाहीतर खिडक्या बंद ठेवून बायका घामाघूम होतील. इन्व्हर्टरही लागेल. लाइट गेली म्हणून कुणी दार उघडून उभं राहिलं की सगळी मेहनत पाण्यात.

आंबेमोहोर

ताई, माझ्या मुलीचं मे महिन्यात लग्न आहे, वेळणेश्वरला. मेकअप, नऊवारी नेसवणं, खोपा सगळं मिळून किती घेता? घरी याल ना?

सुरंगीचा_वळेसर

@आंबेमोहोर, काकू, मे महिन्याच्या बऱ्याच तारखा गेल्यात, तुम्ही मला निरोप करा, बघते.

@रत्नांग्रीची_जुनी, ताई, आरशाचं माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. उद्याच नणंदेला रस्त्यावर उभी करते. पण मुलींचं काय?

खाडीपलीकडची

मी दाभोळ बाजूची. आम्हा बायकांना काय लागतं ते सांगते, कारण बरेचदा आम्हाला विचारतच नाहीत.

बुरखा काढून ठेवायला खुंटी आतल्या खोलीत हवी, दाराशी नको. केस धुवायची खुर्ची अशी ठेवा की डोकं मागे टाकलं तरी दाराकडे पाय असावेत, चेहरा नको. दर खेपेला "नेलपॉलिश लावू का, भुवया करू का" असा आग्रह नको. नेलपॉलिशवर वुजू होत नाही आणि भुवयांबद्दल प्रत्येक घराचं मत वेगळं आहे. जिला करायचंय ती सांगेल. ईदच्या आदल्या रात्री मेंदीला गर्दी होते तेव्हा उशिरापर्यंत उघडं ठेवलंत तर नाव होईल.

एकदा एका ठिकाणी मी डोकं उघडं ठेवून बसलेली आणि मालकिणीचा नवरा डबा द्यायला सरळ आत आला. चांगला माणूस होता, खाली बघून आला, खाली बघून गेला. पण मी परत गेले नाही आणि माझ्या तिन्ही जावाही गेल्या नाहीत. त्या बाईला अजून कारण माहीत नसेल.

रत्नांग्रीची_जुनी

हे अगदी खरं. घरचा पुरुष असो, वायरमन असो, पार्सलवाला असो, आडभिंतीच्या आत कुणी नाही. दुरुस्तीची कामं सुट्टीच्या दिवशी. आणि सोडायला येणाऱ्या पुरुषांसाठी बाहेर पत्र्याखाली बाक ठेवा. पावसात ते उभे राहणार कुठे? मग दारातून डोकावणारच.

आता मुलींचं. पडद्यापेक्षा हे अवघड आहे. आपल्या घरांना पुरुषाच्या नजरेची जेवढी भीती, तेवढीच बाईच्या तोंडाची असते. पार्लरात अंग दिसतं. पाठीवरचे डाग, हनुवटीवरचे केस, गळणारे केस, कधी मारल्याचा वळ. माझ्याकडच्या एका मुलीने हळदीकुंकवाला सहज म्हटलं, "अमक्यांच्या सुनेला हनुवटीवर किती येतात, दर पंधरा दिवसांनी येते." मला कुणी येऊन सांगितलं नाही. गौरीच्या आधी त्या वाडीतल्या पाच-सहा जणी हमखास यायच्या, त्या वर्षी एकही आली नाही. एक फोनवर विचारून गेली, "आज तुमची ती मुलगी आहे का?" तेव्हा माझ्या लक्षात आलं. आपल्याकडे तक्रार होत नाही, वाडीच्या वाडी यायची थांबते.

म्हणून गावातली की बाहेरची यापेक्षा एक बघा. मुलाखतीत विचारा, आधी जिथे होतीस तिथली गिऱ्हाइकं कशी होती? जी नावं घेऊन किस्से सांगते तिला ठेवू नका, हात कितीही चांगला असो. उद्या तुमचे किस्से दुसरीकडे सांगेल. गावातली घेतलीत तर घरांना तिचे आईबाप माहीत असतात, हा मोठा आधार आहे. पण तिच्या स्वतःच्या वाडीच्या बायकांचं वॅक्सिंग तुम्ही करा, तिला थ्रेडिंगवर ठेवा.

दोन_सुनांची_सासू

सगळं पटलं. पण घरच्यांचा विश्वास हवा तर घरच्यांपासून लपवाछपवी कशाला? माझ्या सुनेने काय करून घेतलं, किती पैसे दिले, हे मी विचारलं तर पार्लरवालीने सांगायला काय हरकत आहे? मीच तिला पाठवते ना.

रत्नांग्रीची_जुनी

काकू, राग मानू नका. मला असे फोन येतात. मी म्हणते, "काकू, इथून कुणाचंच सांगत नाही, तुमचंही नाही. तिलाच विचारा." पहिल्यांदा फोन आपटतात. मग त्याच सासवा केस काळे करायला येतात, कारण त्यांनाही कळतं की हे गावभर होणार नाही. शाळकरी मुलगी असेल तर गोष्ट वेगळी. तिच्या आईला विचारल्याशिवाय मी केसाला कात्री लावत नाही.

दोन_सुनांची_सासू

शाळकरी मुलीचं ठीक. सुनेचं मला अजून पटत नाही. घर एक असतं.

किनारा_७७

फिल्मचं मला खरंच माहीत नव्हतं, माझ्याच दुकानाला तीच आहे. जाहिरातीसाठी गिऱ्हाइकांचा व्हॉट्सॲप ग्रुप केलात तर फुकटात काम होईल.

रत्नांग्रीची_जुनी

ग्रुप नको दादा. ग्रुपमध्ये प्रत्येकीचा नंबर बाकी सगळ्यांना दिसतो, आणि कोण कोण पार्लरात जातं तेही. ब्रॉडकास्ट यादी करा. त्यात निरोप एकेकीला वेगळा जातो, फक्त तिने तुमचा नंबर सेव्ह केलेला हवा, नाहीतर पोचत नाही.

आणि बऱ्याच घरांत फोन नवऱ्याच्या नाहीतर मुलाच्या हातात असतो. "उद्या फुल बॉडी वॅक्स 11 वाजता" असा मेसेज त्याच्यासमोर उघडला तर? एवढंच लिहा : "वहिनी, उद्या 11 ची वेळ ठेवली आहे." आतसुद्धा मोठ्याने विचारू नका. बाहेरच्या बाकड्यावर सासू बसलेली असते. मी कामांची यादी छापलीय, पेन्सिल देते, बाई खूण करून परत देते. केस पांढरे झालेत, अंग सुटलंय, असं आपणहून बोलायचं नाही, हे मुलींना पहिल्याच दिवशी सांगते.

सुरंगीचा_वळेसर

सगळ्यांचे आभार. काल नणंदेला उभी केली होती. दाराजवळच्या खुर्चीवरून तिचे डोळे सरळ दिसले. आरसा आता उजव्या भिंतीला घेतेय आणि आडभिंतीचं माप सुताराला दिलंय.

बोर्डावर आधी "घरंदाज महिलांसाठी" लिहिणार होते. पण मग मासळी बाजारातल्या माझ्या ताया येणार नाहीत, आणि त्यांनीच मला पहिली दोन वर्षं जगवलं. म्हणून नुसतं "फक्त महिलांसाठी, वेळ ठरवून" आणि मेंदीच्या हाताचा फोटो. सुरू करायच्या आधीच्या रविवारी घरांतल्या मोठ्या बायकांना चहाला बोलावतेय, त्यांनीच खोल्या, कड्या, कॅमेरा सगळं उघडून बघावं.

मुलीचं मात्र अडलंय. दोघी आल्या होत्या. एकीचा हात फार सुंदर आहे, पण विचारल्यावर तिने जुन्या मालकिणीची तीन गिऱ्हाइकं नावानिशी सांगितली. दुसरी गप्प आहे, पण तिला थ्रेडिंगचा दोरा नीट धरता येत नाही. गणपतीला पाच आठवडे राहिलेत.

रत्नांग्रीची_जुनी

दुसरीला घ्या. दोरा रोज चार पायांवर चालवायला लावा, स्वतःच्या आणि तुमच्या. तीन आठवड्यांत हात बसतो. तोवर भुवया तुम्ही करा.