मदत हवी आहे: नेदरलँड्सच्या टीमसमोर नाव-गाव कसं सांगू? (मुक्काम वेंगुर्ले)

ज्ञानदा_वेंगुर्ले
नमस्कार मंडळी. मी घरून, वेंगुर्ल्यातून, बँकेच्या पेमेंट सॉफ्टवेअरचं टेस्टिंग करते. सोमवारपासून उत्रेख्तच्या टीममध्ये आहे. पहिल्याच कॉलवर प्रत्येकाने मिनिटभर स्वतःची ओळख करून द्यायची आहे.

अडचण नावाची आहे. स्क्रीनवर माझं नाव `KELUSKAR Dnyanada Sitaram` असं दिसतं. पासपोर्टवरून तसंच उचललंय. ईमेलमध्ये तिथला लीड मला 'डिअर सीताराम' लिहितो. सीताराम माझे बाबा. शिवाय सुरुवातीचे Dny पाहिल्यावर लोक अडखळतात आणि मग नाव घेणंच टाळतात. हे सगळं न लांबवता कसं सांगू? गावाबद्दल किती बोलू?

सागर_पुणे
सोपं आहे. 'डीके' सांग आणि मोकळी हो. नाहीतर स्पेलिंग Gyanada कर, ते वाचायला सोपं जातं.

आयंडहोवनकर
सागर, स्पेलिंग अडचणीचं आहे हे खरं, पण Gy लिहिलंत तर उच्चार भलताच होईल, आणि पासपोर्टशी न जुळणारं तिसरंच नाव तयार होईल.

ज्ञानदाताई, मी इथे बरीच वर्षं आहे. डच लोकांच्या तोंडात 'न्य' आहे. त्यांच्या oranje या शब्दात तोच उच्चार येतो. आणि aa लिहिलं की ते लांब 'आ' म्हणतात. म्हणून बोलता बोलताच चॅटमध्ये `D-njaan-da` टाका. लीड पहिल्याच फटक्यात जवळपास बरोबर म्हणेल. सुरुवातीचा 'द' थोडा गळला तर गळू द्या. हे स्पेलिंग डच लोकांपुरतंच, टीममध्ये इंग्लंडचं कोणी असेल तर त्याला `NYAAN-daa` द्या.

आडनावालाही इथे सोय आहे. त्यांच्याकडे 'व्हान अमुक' म्हणजे अमुक गावचा. केळुसकर म्हणजे केळूसचे, एवढं सांगितलं की लगेच कळतं. मधलं नाव वडिलांचं आहे, हे मात्र स्पष्ट शब्दांत सांगा, कारण इथे मधलं नाव बहुधा स्वतःचंच दुसरं नाव असतं. आणि एचआरला लिहून स्क्रीनवरचं नाव 'Dnyanada Keluskar' करून घ्या. पगार आणि व्हिसाच्या कागदांवर पासपोर्टप्रमाणेच राहू द्या, तिथे हात लावू नका.

मालवणी_काका
बाय, आवशी-बापाशीन ठेवलेला नाव कित्याक तोडतंस? पूर्णच सांग. आमच्या दर्यावर्दी पोरांची नावां परदेशी कॅप्टन बरोबर घेतत.

दापोली_रिमोट
माझा अनुभव सांगतो. पावसात ऐन कॉलच्या वेळी लाईट जाते. राऊटर इन्व्हर्टरवर ठेवा आणि मोबाईलचा हॉटस्पॉट आधीच चालू करून बघा. माझी ओळख अर्ध्यात तुटली होती, पुन्हा जोडेपर्यंत पुढच्याचं सुरू झालं होतं.

ज्ञानदा_वेंगुर्ले
दापोलीकर, प्रश्न तो नव्हता, पण इन्व्हर्टरचं आजच बघते. त्यांचे दहा म्हणजे सध्या आपले दुपारचे दीड, आणि लाईट नेमकी तेव्हाच जाते.

गावाचं सांगा ना. वेंगुर्ल्यात डच वखारीचे अवशेष आहेत. 1637 मध्ये डच ईस्ट इंडिया कंपनीने ती काढली. त्यांच्या कागदांत वेंगुर्ल्याचं नाव Wingurla असं येतं. सांगू का?

आयंडहोवनकर
जरूर सांगा, एका वाक्यात. त्यांतल्या बहुतेकांना हे माहीत नसणार. आधी 'गोव्याच्या उत्तरेला लागून' म्हणा, गोवा त्यांना ठाऊक असतो.

रत्नांग्रीची_मीनल
मला हे पटत नाही. ती वखार व्यापारापुरती नव्हती. डचांनी गोव्याला वेढा घातला तेव्हा त्यांच्या जहाजांना रसद तिथूनच जायची. पहिल्याच भेटीत वसाहतींचा विषय कशाला? कोणाला अवघडल्यासारखं झालं तर? त्यापेक्षा काजू-आंबा सांग.

आयंडहोवनकर
मीनलताई, त्यांच्याशी हा विषय बोलता येतो. पण सगळ्यांनाच रुचेल असं मी म्हणणार नाही. लीडचा स्वभाव बघून ठरवा.

एक मात्र नक्की, शिक्षण आणि आधीच्या कंपन्यांची यादी नको. टीमने तुमच्याकडे कशासाठी यायचं, ते सांगा.

ज्ञानदा_वेंगुर्ले
आत्ता असं जुळवलंय, कॉलवर इंग्रजीत बोलेन:

'नमस्कार, मी ज्ञानदा, उच्चार चॅटमध्ये टाकलाय. स्क्रीनवर दिसणारं सीताराम हे माझ्या वडिलांचं नाव आहे. केळुसकर म्हणजे केळूसचे, आमचं मूळ गाव. पेमेंट अडकलं, दोनदा गेलं किंवा परत आलं, तर त्या केसेस मी तपासते. अशी तक्रार आली की थेट मला लिहा. मी गोव्याच्या उत्तरेला लागून असलेल्या वेंगुर्ल्याहून, समुद्राकाठून काम करते.'

मोठ्याने वाचलं तर मिनिटाच्या आत बसतं. वखारीचं वाक्य बाजूला ठेवलंय, कोणी गावाबद्दल विचारलं तरच सांगेन.

एचआरने स्क्रीनवरचं नाव बदललं तर जुन्या ईमेलवरही ते बदलतं का? कोणी करून घेतलं असेल तर सांगा.