प्रतिसाद: सरासरी भाव आणि XIRR

> सरासरी भावावर १० टक्के नफा दिसतो, पण XIRR २२.५ दाखवतो. खरं काय?

दोन्ही आकडे बरोबर आहेत. XIRR प्रत्येक रकमेची तारीख धरून वार्षिक परतावा काढतो, सरासरी भावाला तारीख कळत नाही, एवढेच. समजा, १ नोव्हेंबर २०२३ रोजी १०,००० गुंतवले, पुढच्या हंगामात कापूस विकून १ नोव्हेंबर २०२४ रोजी ४०,००० टाकले आणि १ फेब्रुवारी २०२५ रोजी मूल्य ५५,००० झाले, तर मोठी रक्कम जेमतेम तीनच महिने गुंतलेली असल्याने वार्षिक दर २२.५ टक्क्यांच्या आसपास निघतो.

```
=XIRR(C2:C4,B2:B4)
```

B स्तंभात तारखा आणि C मध्ये रकमा ठेवाव्यात. खरेदी उणे लिहावी आणि शेवटच्या ओळीत आजचे मूल्य अधिक चिन्हाने द्यावे. ती ओळ लिहायची राहिली की `#NUM!` येते. वर्ष न झालेल्या गुंतवणुकीचा XIRR मात्र फुगलेला असतो, तिथे साधा टक्काच पाहावा.