जुन्या साहेबांच्या नावाने शिफारसपत्र

चाकणकर: कंपनीत 4 वर्षं खरेदी विभागात होतो. आमचे मॅनेजर दुसरीकडे गेले, आता फोन उचलत नाहीत. नवी कंपनी शिफारसपत्र मागतेय. त्यांच्या नावाने झकास पत्र कुणी लिहून देईल का? सहीचं मी बघतो. काम तर मी खरंच चांगलं केलंय.

पडताळणीवाली: हे पत्र मी लिहून देणार नाही. वाचणारा ते साहेबांचं मत समजून निर्णय घेणार, आणि साहेबांना त्याचा पत्ताच नसणार. उमेदवारांच्या पत्रांची पडताळणी करणं हेच माझं काम. पत्रावर छापलेल्या मोबाइलवर आम्ही विसंबत नाही. कंपनीच्या मुख्य नंबरवरून किंवा लिंक्डइनवरून माणूस शोधतो आणि थेट विचारतो. तुम्ही रुजू झाल्यावर जरी हे उघड झालं, तरी नोकरी जाऊ शकते.

रोखठोक: उगाच घाबरवू नका. कित्येक मॅनेजर स्वतःच सांगतात, 'तूच लिहून आण, मी सही करतो.' मग फरक काय?

पडताळणीवाली: ही पद्धत आहे, खरंय. पण तिथे साहेब वाचतात, न पटलेलं खोडतात, मग सही करतात. परस्पर केलेली सही म्हणजे बनावट दस्तऐवज. भारतीय न्याय संहितेचं कलम 336 त्यासाठीच आहे.

चाकणकर, फोनऐवजी मेसेज करा. कामाची आठवण द्या: 'सर, पत्र्याचा पुरवठादार बदलला तेव्हा नवी कोटेशन्स मी काढली होती. त्यावर चार ओळींचं पत्र द्याल का? मुद्दे पाठवतो, हवे तसे बदला. जमत नसेल तर तसं कळवा, चालेल.' आठवडाभर थांबा, मग एकदाच विचारा.

बदलापूरची बाई: माझी शाळाच बंद पडली. मग मी सही कुणाची आणू?

पडताळणीवाली: बाई, तुम्हाला बहुतेक अनुभवाचा दाखला हवाय, शिफारस नव्हे. नियुक्तीपत्र आणि पगार जमा झालेलं बँक पासबुक काढा. पीएफ कापला जात असेल तर ईपीएफओच्या पोर्टलवर नोकरीच्या तारखा दिसतात. तेव्हाच्या मुख्याध्यापिका भेटल्या, तर तुमच्या शिकवण्याबद्दल त्या स्वतःच्या नावाने लिहू शकतात.

चाकणकर: आणि साहेबांनी उत्तरच दिलं नाही तर?

पडताळणीवाली: स्टोअर्सच्या प्रमुखांना विचारा, माल वेळेवर यायचा की नाही हे त्यांना साहेबांपेक्षा जास्त ठाऊक. पुरवठादारही चालेल, पण तुमच्याकडून ऑर्डर घेणाऱ्याच्या कौतुकाला वजन कमी. सोबत जुनी अप्रेझलं जोडा. नव्या एचआरला आधीच सांगा: 'मॅनेजरशी संपर्क होत नाही, या दोघांशी बोला.' हे आम्ही रोज ऐकतो.

रोखठोक: तुम्ही ऐकत असाल. माझ्या एचआरने 'थेट मॅनेजरच हवा' म्हणून फाइल अडवली होती. भांडून बाहेर पडलेल्याने काय करायचं?

पडताळणीवाली: तो नियम मलाही अन्यायाचा वाटतो. त्या मॅनेजरच्या वरचे साहेब विचारून बघा. तेही नसतील, तर माझ्याकडे उत्तर नाही.

चाकणकर: स्टोअर्सवाल्या काकांना आत्ताच मेसेज टाकला. साहेबांना उद्या सकाळी.