कागद हातात राहू द्या

> "स्मरणशक्तीच्या अभ्यासात सहभागी होण्याआधी द्यायचं माहितीपत्रक सोपं केलं, तरी आजी-आजोबा 'समजलं' म्हणून पटकन सही करतात. खरंच समजलं का, हे कसं कळणार?"

"समजलं का?" विचारलं की माणूस हो म्हणतो, आपणही म्हणतो. त्याऐवजी म्हणा, "मी नीट सांगितलं का ते बघायचंय. इथे काय होणार, ते तुमच्या शब्दांत सांगता?" पत्रक मात्र त्यांच्या हातातच असू द्या, बघून सांगितलं तरी चालेल. नाहीतर संमतीचीच स्मरणपरीक्षा होते!

आमच्याकडे एक आजोबा म्हणाले, "इथे येऊन माझं विसरणं कमी होईल." चूक पत्रकाची होती. त्यात लिहिलं होतं, "सहभागींना प्रत्यक्ष लाभ अपेक्षित नाही." आम्ही ते बदललं: "हा उपचार नाही. या चाचण्यांनी तुमची स्मरणशक्ती सुधारणार नाही." ते वाचून आजोबा म्हणाले, "मग घरी विचारून सांगतो." आम्ही त्या दिवशी सही घेतली नाही.

दोन-तीनदा समजावूनही उपचाराचीच आशा दिसली, तर सही घेऊ नका. अभ्यास वर्षभर चालणार असेल तर दर भेटीला पुन्हा विचारा. तेव्हा समजलेलं आज लक्षात असेलच असं नाही.